पुस्तिकेतली स्क्रीन आणि समोरची स्क्रीन

एका पतसंस्थेतल्या कर्मचाऱ्यांसाठी छापलेली पुस्तिका आहे असं समजू. लिबरऑफिस रायटरमध्ये पत्राचा नमुना उघडायचा, सभासदाचं नाव भरायचं, फाइल जतन करायची आणि छापायची, एवढंच ती शिकवते. कार्यालयातले संगणक आता मराठीत चालतात, पण पुस्तिकेतली चित्रं इंग्रजी स्क्रीनची राहिली आहेत. नव्या माणसाला पुस्तिकेत Save As दिसतं आणि समोर ते कुठेच सापडत नाही. म्हणून सगळे स्क्रीनशॉट मराठीत पुन्हा काढायचे ठरतात.

रायटरची भाषा त्याच्या स्वतःच्या पर्यायांमधून बदलते. मराठी भाषासंच मात्र प्रोग्रॅम बसवतानाच निवडलेला असावा लागतो, नाहीतर यादीत मराठी दिसतच नाही. भाषा निवडून प्रोग्रॅम बंद करून उघडला की मेनू मराठीत येतात. मग ‘फाइल जतन करा’ची पायरी येते आणि उघडलेली चौकट इंग्रजीत असते! कारण ही चौकट रायटरची नसून विंडोजची आहे आणि ती विंडोजच्या भाषेत बोलते. छपाईची चौकट रायटरची म्हणून मराठीत येते, पण तिच्यातून प्रिंटरचे गुणधर्म उघडले की प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीची खिडकी समोर येते आणि तिची भाषा त्या कंपनीने ठरवलेली असते. एकाच कामात तीन ठिकाणची भाषा येते ती अशी.

त्यामुळे पहिलं काम म्हणजे कर्मचाऱ्यांच्या टेबलावरचे संगणक बघून येणं. विंडोजची भाषा मराठी आहे की फक्त रायटरची, हे तिथेच कळतं. विंडोजच्या ‘सिंगल लँग्वेज’ आवृत्तीत विंडोजची भाषा बदलता येत नाही. असे संगणक कार्यालयात असतील तर जतन करण्याची चौकट तिथे इंग्रजीच राहणार आणि पुस्तिकेतही ती इंग्रजीच दाखवायला हवी. ज्या संगणकांवर विंडोज मराठीत आहे तिथेही सगळं मराठी होत नाही. मराठीचा संच मूळ इंग्रजी विंडोजवर चढवलेला असतो, आणि ज्या भागांचं भाषांतर झालेलं नाही ते खालच्या इंग्रजीत उमटतात. असे उरलेले इंग्रजी शब्द चित्रात खोडून त्यांच्या जागी मराठी शब्द टंकण्याचा मोह होतो. माझ्या मते तो ठामपणे टाळावा, कारण वाचणारा ते मराठी बटण स्क्रीनवर शोधत बसेल.

तारखा आणि अंक भाषेबरोबर आपोआप बदलतीलच असं नाही. ते विंडोजच्या प्रदेशाच्या सेटिंगवर ठरतात, म्हणून तेही कार्यालयातल्यासारखंच ठेवायचं. Windows + R दाबून `winver` टंकलं की आवृत्ती कळते. ती पुस्तिकेच्या पहिल्या पानामागे छापावी.

आता छपाईकडे वळू. साध्या स्क्रीनवर मेनूतलं मराठी अक्षर जेमतेम बारा पिक्सेल उंच असतं आणि त्यावरचा अनुस्वार एकदोन पिक्सेलांचा. छापताना तो पुसट होतो, रफारही चिकटतो. चित्र काढल्यानंतर ते मोठं करून उपयोग नाही, नसलेले पिक्सेल येत नाहीत. त्याऐवजी आधी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये स्केल 200 टक्के करावं. मग 600 पिक्सेल रुंदीची चौकट 1200 पिक्सेलांची होते आणि कागदावर चार इंच रुंद बसवली तर इंचाला 300 पिक्सेल पडतात. पुस्तकी छपाईला तेवढे पुरतात. Alt + PrtScn ने फक्त वापरात असलेली खिडकी टिपावी आणि चित्र पीएनजीत ठेवावं. जेपीजीमुळे अक्षरांच्या कडांभोवती डाग उमटतात. उघडलेला मेनू टिपताना तो मिटत असेल तर स्निपिंग टूलमध्ये काही सेकंदांचा उशीर लावता येतो.

जुन्या चित्राला जे फाइलनाव होतं तेच नव्याला द्यावं. पुस्तिकेत चित्रं जोडलेली असतील, चिकटवलेली नसतील, तर जुनी फाइल बदलताच पानावर नवी येते. मात्र खिडकीची लांबीरुंदी जुन्याच प्रमाणात ठेवली नाही तर अक्षरं ताणली जातात. बाण आणि आकडे चित्रात कोरू नयेत, ते पानाच्या मांडणीत वेगळे ठेवावेत. मराठी शब्दांची लांबी वेगळी असल्याने बटणं सरकतात आणि जुना बाण भलत्याच बटणावर टेकतो. पुस्तिका काळ्या-पांढऱ्यात छापणार असाल तर ‘लाल चौकटीतलं बटण’ असं लिहू नका. वर्तुळातला आकडा द्या.

शेवटी मजकूर. बटणांची नावं आठवणीतून किंवा शब्दकोशातून लिहायची नाहीत. नवं चित्र शेजारी ठेवून त्यातली अक्षरं जशीच्या तशी उतरवायची, विंडोजचा शब्द आणि रायटरचा शब्द वेगळा असला तरीही. ‘वरून तिसरं’ असं जिथे लिहिलं असेल तिथे पुन्हा मोजायचं, कारण वर्णानुक्रमे लावलेल्या यादीत मराठीत क्रम बदलतो. छपाईला पाठवण्याआधी कच्ची प्रत कार्यालयातल्या एखाद्या नव्या कर्मचाऱ्याला त्याच्याच संगणकावर वापरायला द्यावी आणि आपण न बोलता शेजारी बसावं. त्याची नजर पान आणि स्क्रीन यांच्यात दोनदा फिरली, तर त्या पायरीचं चित्र पुन्हा काढायचं.