कान पाडून बसलेला आरोपी

उशी फाटलेली, कापूस घरभर पसरलेला, आणि कुत्रा सोफ्याच्या मागे अंग चोरून बसलेला. कान मागे, शेपूट पायांत, नजर भलतीकडे. मालकाने आवाज चढवला की तो हळूच पंजा उचलतो, ओठ चाटतो, नाहीतर सरळ पोट वर करून आडवा होतो. 'चूक केलीये हे त्याला बरोबर कळतं,' असं मग मालक शेजाऱ्यांना ठामपणे सांगतो. अशा 'अपराधी' कुत्र्यांचे व्हिडिओ लाखो लोक हसत हसत पाहतात.

न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातल्या संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी हा ठामपणा तपासून पाहायचं ठरवलं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात १४ पाळीव कुत्रे होते. मालकाने कुत्र्यासमोर खाऊ ठेवायचा, 'खायचा नाही' म्हणून बजावायचं आणि खोलीबाहेर जायचं. पुढची मेख मालकाला ठाऊक नव्हती. तो बाहेर असताना होरोविट्झ कधी तो खाऊ स्वतःच कुत्र्याला भरवत, तर कधी उचलून घेत. दोन्ही वेळा मालक परत येई तेव्हा खाऊ जागेवर नसेच. काय घडलं हे त्याला फक्त त्यांच्या तोंडून कळे, आणि त्या कधी खरं सांगत, कधी खोटं. कुत्र्याने खाल्लं असं ऐकलं तर मालक रागावे, नाही खाल्लं असं ऐकलं तर प्रेमाने जवळ घेई.

त्यामुळे चार प्रसंग तयार झाले. खाल्लं आणि बोलणी बसली. खाल्लं, पण लाड झाले. खाल्लं नाही, तरी बोलणी बसली. खाल्लं नाही आणि लाड झाले. पडलेले कान, चुकवलेली नजर, खाली हलणारी शेपटी अशा हालचाली चित्रफितींवरून मोजल्या गेल्या. चेहरा खरोखरच अपराधाचा असता, तर खाऊ खाल्लेल्या कुत्र्यांमध्ये त्या जास्त दिसायला हव्या होत्या. तसं झालं नाही. कुत्र्याने खाल्लं की नाही, याने काहीच फरक पडला नाही. मालक रागावला की नाही, याने मात्र पडला. सगळ्यात 'अपराधी' दिसले ते खाऊला तोंडही न लावता बोलणी खाणारे कुत्रे.

म्हणजे कुत्रा उत्तर देत होता ते मालकाच्या आवाजाला आणि अंगावर येणाऱ्या पवित्र्याला. अंग लहान करणं, नजर टाळणं, पोट दाखवणं ही कुत्र्यांची समोरच्याला शांत करण्याची रीत आहे. 'भांडण नको' एवढाच तिचा अर्थ. माणसाला त्यात माफी दिसते.

इथे अनुभवी मालक हरकत घेतात: 'मी एक शब्दही बोललो नव्हतो, तरी हा दाराशीच कान पाडून उभा होता.' याचं उत्तर एका जुन्या प्रसंगात सापडतं. पीटर व्हॉलमर यांनी १९७७ साली निकी नावाच्या कुत्रीची हकिगत लिहिली. ती घरातले कागद फाडायची आणि मालक परतला की अपराध्यासारखी वागायची. मग एकदा मालकानेच कागद फाडून घरात पसरले आणि तो बाहेर गेला. परतल्यावर पाहतो तर निकी तशीच अंग चोरून! तिने काहीच केलं नव्हतं. पण जमिनीवर कागद असताना मालक आला की ओरडा बसतो, एवढं ती शिकली होती. आपण फाडलं म्हणून ओरडा बसतो, हा दुवा तिला जोडता आलेला नव्हता.

होरोविट्झ यांचा प्रयोग कुत्र्याला अपराधी वाटतच नाही असं सिद्ध करत नाही. त्याच्या मनात काय चालतं हा प्रश्न शिल्लक राहतो. या चेहऱ्यावरून त्याचा निवाडा होत नाही, एवढंच त्यातून कळतं.

घरात याचा परिणाम रोजच्या वागण्यावर होतो. उशी तासाभरापूर्वी फाटली असेल, तर आत्ताचं ओरडणं कुत्रा उशीशी जोडत नाही. तो ते मालकाच्या घरी येण्याशी जोडतो आणि पुढच्या वेळी कुलपाचा आवाज ऐकूनच धास्तावतो. नुकसानीचं कारण एकटेपणाची भीती असेल, तर ही धास्ती ती आणखी वाढवते. कारण ओळखायला घरात मोबाइलचा कॅमेरा लावून ठेवता येतो. मालक गेल्यावर थोड्याच वेळात कुत्रा येरझाऱ्या घालू लागला, धापा टाकत लाळ गाळू लागला, दाराची चौकट खरवडू लागला, तर ती खोडी नसून घाबरणं असण्याची शक्यता मोठी आहे, आणि पशुवैद्याला दाखवायला ती चित्रफीत उपयोगी पडते. निवांत झोप काढून उठलेलं पिल्लू चप्पल चावताना दिसलं, तर बहुधा ते कंटाळलेलं असतं. त्याला चावायला दुसरं काहीतरी द्यावं आणि चपला कपाटात ठेवाव्यात.