‘एक्स-रे’ला कुठून जायचं हो?

मोठ्या रुग्णालयात शिरलं, की एक प्रश्न सारखा कानावर पडतो, “अहो, एक्स-रेला कुठून जायचं?” विचारणारा घाईत असतो. एका हातात केसपेपर आणि दुसऱ्या हातानं त्यानं कुणाला तरी सावरलेलं असतं. आता गंमत पाहा. बरेचदा त्याच्या डोक्यावरच पाटी टांगलेली असते! मग ती त्याला दिसत का नाही?

मन धास्तावलेलं असलं, की माणूस पाट्या सावकाश वाचत बसत नाही. तो नुसती नजर फिरवतो आणि ओळखीचं काही दिसतं का, ते शोधतो. म्हणून रुग्णालयाची पाटी दुकानाच्या पाटीपेक्षा वेगळी लिहावी लागते. कशी, ते आपण एकाच पाटीवरून समजून घेऊ.

समजा, तुमची आजी न्हाणीघरात घसरली आणि तिचं मनगट सुजलं. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं ‘एक्स-रे’. तुम्ही बाहेर आलात, तर समोर पाटी ‘क्ष-किरण विभाग’. पुढच्या वळणावर ‘रेडिओलॉजी’. आणि दारावर ‘विकिरण कक्ष’. जागा एकच, पण नावं तीन! बीजगणितात आपण अज्ञात संख्येला ‘क्ष’ म्हणतो ना? १८९५ मध्ये राँटजेन या शास्त्रज्ञाला हे किरण सापडले, तेव्हा ते अज्ञात म्हणून त्यानं त्यांना ‘एक्स’ म्हटलं. त्याचंच मराठीत ‘क्ष’ झालं. शब्द छानच आहे, पण आजीला घेऊन निघालेल्या माणसाला तो तिथं उलगडत बसायला वेळ कुठला? म्हणून पहिला नियम असा: केसपेपरवर जो शब्द, तोच पाटीवर. आणि फाटकापासून दारापर्यंत प्रत्येक पाटीवर तोच.

आता शब्दाशेजारी चित्र काढू. चित्र लांबूनही ओळखू येतं. शिवाय मराठी न वाचता येणाऱ्याला किंवा चश्मा घरी विसरलेल्या आजोबांनाही ते उपयोगी पडतं. पण कोणतं चित्र काढायचं? एक्स-रे खोलीच्या दारावर तीन पाती असलेलं पंख्यासारखं चिन्ह तुम्ही पाहिलं असेल. ते काढावं का? नाही! त्याचा अर्थ ‘इथं किरणांचा धोका आहे, सांभाळा’ असा आहे. ‘इकडे या’ म्हणायला ते चालत नाही. मग कवटी आणि सांगाडा? ते पाहून तर आजी तिथूनच परत फिरेल.

काळ्या चौकटीत पांढऱ्या हाडांचा पंजा काढला, तर बरं. एक्स-रेची फिल्म बहुतेकांनी पाहिलेली असते, त्यामुळं ती लगेच आठवते. पण नुसता पंजा पाहून कुणी म्हणेल, ‘इथं हाडांचे डॉक्टर बसतात’ आणि कुणी म्हणेल, ‘इथं प्लास्टर घालतात’. त्यांची चूक नाही. चित्राचे अर्थ अनेक निघतातच. इथं शब्द मदतीला येतो. लांबून चित्रानं बोलवायचं आणि जवळ आल्यावर शब्दानं खात्री पटवायची. म्हणून दोघं शेजारी हवेत. चित्र एका टोकाला आणि नाव दुसऱ्या टोकाला असेल, तर चार नावांच्या पाटीवर कोणतं चित्र कुणाचं, याचा घोळ होतो.

आता अक्षरं किती मोठी काढायची? एक सोपा हिशेब आहे. साधारण तीन मीटर अंतरामागं एक सेंटिमीटर उंची धरायची. वऱ्हांडा पंधरा मीटरचा असेल, तर अक्षर पाच सेंटिमीटर हवं. नजर अधू असलेल्यांसाठी याहून मोठं काढलं, तर उत्तमच. मात्र आपल्या देवनागरीत एक मेख आहे. ही उंची शिरोरेषेपासून ‘न’ किंवा ‘ग’ अशा साध्या अक्षराच्या पायापर्यंत मोजायची. वेलांटी, मात्रा आणि अनुस्वार तिच्या वर जातात, उकार खाली उतरतात. त्यांच्यासाठी जागा सोडली नाही, तर रंगारी अक्षर चेपून बसवतो आणि मग ‘रक्तपेढी’ची मात्रा शिरोरेषेला चिकटते. अक्षर फार जाड केलं, तरी फसगत होते. त्याच्या पोटातली पोकळी बुजते आणि लांबून ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ सारखेच दिसू लागतात. तेव्हा अक्षर ठसठशीत हवं, पण गुदमरलेलं नको.

राहिला बाण. डावा आणि उजवा बाण सोपा असतो. पण वर टोक असलेल्या बाणाचे दोन अर्थ होतात: ‘सरळ जा’ आणि ‘वरच्या मजल्यावर जा’. जिन्याजवळ असा बाण लावला, की निम्मी माणसं उगाच वर चढतात. तिथं बाणासोबत ‘पहिला मजला’ असं लिहावंच लागतं. आणि जिथं वाट फुटते, तिथं प्रत्येक ठिकाणी पाटी हवी. एका जरी वळणावर ती राहिली, तरी आधीच्या सगळ्या पाट्या वाया गेल्या समजा!

“मग रुग्णालयासाठी लाल क्रॉस काढला की झालं!” असं तुमच्यापैकी कुणी म्हणेल. पण थांबा. पांढऱ्यावरचा लाल क्रॉस हे रुग्णालयाचं चिन्ह नाहीच. १८६४ च्या जिनिव्हा करारानं ते युद्धात जखमींची सेवा करणाऱ्यांना दिलं, ‘यांच्यावर गोळी झाडू नका’ हे सांगण्यासाठी. ज्याला त्याला ते वापरू दिलं, तर त्याचा धाक उरणार नाही. म्हणून भारतात १९६० च्या कायद्यानं परवानगीशिवाय ते वापरायला बंदी आहे. प्रथमोपचारासाठी हिरव्यावर पांढरा क्रॉस वापरतात.

आता आपलं चित्र चांगलं की वाईट, हे कसं ठरवायचं? काढणाऱ्याला विचारून उपयोग नाही, त्याला तर ते कळणारच! अमेरिकेत इंग्रजी नीट न येणारे रुग्ण खूप असतात. त्यांच्यासाठी २००३ ते २००५ या काळात ‘हाब्लामोस खुन्तोस’ नावाच्या प्रकल्पानं २८ चिन्हांचा संच तयार केला. हे नाव स्पॅनिश आहे, अर्थ ‘आपण मिळून बोलतो’. तिथं चिन्हं आधी वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या लोकांना दाखवून पाहिली, मगच निवडली.

तुम्हीही हे करून पाहा. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर रक्तपेढी, औषधाचं दुकान आणि एक्स-रे यांची चित्रं काढा. घरातल्या, शेजारच्या दहा जणांना ती एकेक करून दाखवा. पर्याय मात्र देऊ नका. एवढंच विचारा, “या दारामागं काय असेल?” आणि उत्तर जसंच्या तसं लिहून घ्या. अमेरिकेत धोक्याच्या चिन्हांसाठी शंभरात ८५ जणांना अर्थ बरोबर कळायला हवा, अशी अट आहे आणि उलटा, घात करणारा अर्थ पाचांपेक्षा जास्त जणांनी घ्यायचा नाही. तुमच्या दहापैकी निदान नऊ जण बरोबर आले, तर चित्र जमलं. पाचच आले, तर पुन्हा काढा. आणि हो, आजी-आजोबांना चश्मा काढून विचारायला विसरू नका हं!