२०२२ ची कसोटी: सोने आणि बिटकॉइन

सरकारने पैसा भरमसाट ओतला की चलनाची किंमत झिजते. मग बचत ठेवायची कशात? बिटकॉइनच्या समर्थकांचे उत्तर ठाम होते: संख्या कायमची २ कोटी १० लाखांवर बांधलेल्या नाण्यात. खाणींतून तर दरवर्षी नवे सोने निघतच राहते.

खरी परीक्षा २०२२ मध्ये झाली. जूनमध्ये अमेरिकेतील महागाई ९.१ टक्क्यांवर गेली. सोने वर्षारंभी औंसाला साधारण १,८०० डॉलर होते आणि वर्षअखेरीसही तिथेच राहिले. बिटकॉइन मात्र सुमारे ४६,००० डॉलरवरून १७,००० च्या खाली कोसळले.

पुरवठा मर्यादित असूनही असे का झाले? कारण भाव मागणीवरही ठरतो. बिटकॉइनमध्ये कर्जाऊ पैशावरची सट्टेबाजी मोठी होती. फेडरल रिझर्व्हने व्याजदर वाढवताच ती आटली. नोव्हेंबरात एफटीएक्स हा बाजारमंच बुडाला आणि विश्वासही ढासळला. सोन्यालाही व्याजदरांचा फटका बसला, पण त्यामागे मध्यवर्ती बँका उभ्या होत्या. रशियाची परकीय गंगाजळी गोठवली गेल्यावर अनेक देश सावध झाले. त्या वर्षी या बँकांनी हजार टनांहून अधिक सोने घेतले.

तरी सोने निर्धोक म्हणणे चूक ठरेल. जानेवारी १९८० मध्ये ८५० डॉलरला ते घेणाऱ्याला तो भाव पुन्हा दिसायला २००८ उजाडावे लागले, आणि तोवर महागाईने त्या डॉलरांची किंमत निम्म्याहून कमी केली होती.