दातावर उमटलेली तारीख

दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला सूक्ष्मदर्शकाखाली दाताच्या दोन काचा बघायला देतात, तेव्हा तो हमखास बुचकळ्यात पडतो. दोन्ही काचा दाताच्याच, पण दोन्हींत दात वेगळाच दिसतो. एकीत दाताचा मुकुट, म्हणजे हिरडीच्या वर दिसणारा भाग, व्यवस्थित आहे; मधली पोकळी मात्र रिकामी. दुसरीत त्या पोकळीत पेशी, रक्तवाहिन्या, मज्जातंतू असं सगळं भरलेलं आहे, पण मुकुटावरचं पांढरं कवच गायब. तिथे नुसती मोकळी जागा.

फरक आहे तो काच कशी बनवली याचा. पहिल्या काचेसाठी काढलेला दात कापून, घासून घासून कागदासारखा पातळ करतात. यात कठीण भाग टिकतो आणि आतला मऊ भाग वाळून, झडून जातो. दुसऱ्या काचेसाठी दात सौम्य आम्लात काही दिवस बुडवून ठेवतात. आम्ल त्यातलं कॅल्शियम काढून घेतं, दात पात्याने कापता येईल इतका मऊ होतो आणि आतल्या पेशी शाबूत राहतात. पण बाहेरचं इनॅमल या आम्लात साफ विरघळून जातं, कारण वजनाने ते सुमारे 96 टक्के खनिजच असतं. खनिज गेल्यावर मागे उरावं असं त्यात फारसं काही नाही. त्याच्या आतल्या डेंटिनचं तसं होत नाही. डेंटिनमध्ये खनिज 70 टक्क्यांच्या आसपास, आणि उरलेल्यात पाण्याबरोबर कोलॅजेन या प्रथिनाचे धागे. खनिज निघून गेलं तरी धाग्यांचं जाळं आकार धरून राहतं.

दाताचे तीन थर समजून घ्यायला या दोन काचा पुरतात. बाहेर इनॅमल: शरीरातला सगळ्यांत कठीण पदार्थ, दाढेच्या उंचवट्यावर साधारण अडीच मिलिमीटर जाड, आणि पूर्णपणे निर्जीव. त्याखाली डेंटिन: दाताचा बहुतांश भाग याचाच. त्यात हजारो सूक्ष्म नळ्या आतून बाहेर गेलेल्या असतात. पल्पजवळ एका चौरस मिलिमीटरमध्ये 45 हजारांहून अधिक. आणि सगळ्यांत आत पल्प, ज्याला बोलताना आपण दाताची नस म्हणतो. खरं तर नस हा त्याचा एक भाग झाला. रक्तवाहिन्या, पेशी आणि तंतू मिळून पल्प होतो. त्याच्या कडेला ओडोन्टोब्लास्ट नावाच्या पेशींची रांग असते आणि प्रत्येक पेशीचं एक लांब शेपूट डेंटिनच्या नळीत शिरलेलं असतं. इनॅमल झिजून या नळ्या उघड्या पडल्या की गार पाण्याने त्यांतला द्रव हलतो, आतल्या मज्जातंतूंना ते कळतं आणि आपल्याला सणक बसते. ओडोन्टोब्लास्ट जिवंत असल्यामुळे कीड हळूहळू आत सरकत असेल तर पल्पच्या बाजूने नवीन डेंटिनचा थर घालून त्या बचावही करतात.

इनॅमलला ही सोय नाही. त्याचं कारण दात जन्माला कसा येतो यात आहे.

गर्भ सहा आठवड्यांचा असताना त्याच्या होऊ घातलेल्या जबड्यावरची नाजूक त्वचा एका पट्टीत जाड होऊन आत शिरू लागते. आठव्या आठवड्याच्या सुमारास या पट्टीला ठिकठिकाणी गाठी येतात. ही कळीची अवस्था. पुढे गाठीचा तळ आत दबतो आणि खालच्या पेशींच्या पुंजक्यावर टोपी ठेवल्यासारखी दिसते. ही टोपीची अवस्था. खोलगटपणा वाढत जाऊन घंटेचा आकार येतो, तेव्हा कोण काय करणार याची वाटणी झालेली असते. घंटेच्या आतल्या अस्तराच्या पेशी इनॅमल घालणार. त्या अस्तराला टेकून असलेल्या, घंटेच्या पोटातल्या पेशी ओडोन्टोब्लास्ट होणार आणि डेंटिन घालणार. त्यांच्यामागे उरलेला पुंजका म्हणजे उद्याचा पल्प. दात पटाशीचा होणार की चार उंचवट्यांची दाढ, हेही या अस्तराला कुठे आणि किती घड्या पडतात यावर ठरतं. यात मला सगळ्यांत गंमत वाटते ती दोघांच्या परस्परावलंबनाची. अस्तराच्या पेशी आधी शेजाऱ्यांना डेंटिन घालायला उद्युक्त करतात आणि डेंटिनचा पहिला थर पडल्याशिवाय स्वतः इनॅमलला हात लावत नाहीत.

एकदा सुरुवात झाली की दोघं पाठमोरे निघतात. डेंटिनवाले आत, पल्पकडे सरकतात. इनॅमल घालणाऱ्या पेशी, अमेलोब्लास्ट, बाहेरच्या दिशेने मागे मागे जातात. शेणाने सारवणारी बाई सारवलेल्यावर पाय पडू नये म्हणून दाराकडे मागे सरकत जाते, तशा. रोज सुमारे चार मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा अडीचशेवा भाग. प्रत्येक पेशीमागे इनॅमलची एक बारीक कांडी तयार होत जाते. त्या कांडीवर दिवसागणिक एक अस्पष्ट आडवी रेघ उमटते आणि साधारण आठवड्याच्या अंतराने एक ठळक रेघ. स्वीडिश शरीरशास्त्रज्ञ रेट्झियस यांच्या नावाने ती ओळखली जाते. घासून केलेल्या काचेत या रेघा मोजता येतात. दुधाच्या दातांत आणि बहुधा पहिल्या कायमच्या दाढेतही जन्माच्या वेळची एक वेगळी, गडद रेघ सापडते. तिच्या आतलं इनॅमल आईच्या पोटातलं, बाहेरचं जन्मानंतरचं.

थर घालून झाला तरी काम संपत नाही. नुकतंच घातलेलं इनॅमल मऊ असतं, त्यात खनिज जेमतेम तिसेक टक्के. मग त्याच पेशी भूमिका बदलतात: आतलं प्रथिन आणि पाणी काढून घेतात आणि तिथे कॅल्शियम-फॉस्फेट भरतात. या पक्वतेच्या टप्प्याला थर घालण्यापेक्षाही जास्त वेळ लागू शकतो. ते झालं की पेशींचा चपटा पापुद्रा उरतो आणि दात हिरडी फोडून वर येताना तोही नष्ट होतो. म्हणजे दात तोंडात दिसू लागतो त्याच्या आधीच त्याचं इनॅमल घडवणारे कारागीर संपलेले असतात. मुळाचं काम मात्र अजून चालूच असतं; दात उगवल्यानंतर ते पुरं व्हायला आणखी तीनेक वर्षं जातात.

यातून निघणारी गोष्ट अशी, की इनॅमल घालताना पेशी आजारी पडल्या तर त्या दिवसांची खूण कायमची राहते. आणि कुठला दात कधी घडतो हे माहीत असल्यामुळे ती खूण वाचता येते.

समजा चौथीतली, नऊ वर्षांची एक मुलगी आहे. वरच्या मधल्या दोन दातांवर, कडेपासून दीड-दोन मिलिमीटरवर, आडवी खाचरलेली रेघ आहे. बारीक खड्डे आणि त्यांत बसलेला पिवळसर डाग. आईला वाटतं, लहानपणी गोड फार खाल्लं म्हणून. पण कीड अशी नेमकी आडव्या रेषेत आणि दोन्ही बाजूंना सारख्या उंचीवर लागत नाही. मग खालचे पुढचे चारही दात बघायचे: तिथेही तशीच रेघ. सहाव्या वर्षी आलेल्या दाढांवर, उंचवट्यांच्या जवळ, खडबडीत पट्टा. वरच्या मधल्या दातांच्या शेजारचे दोन दात मात्र स्वच्छ.

उलगडा या स्वच्छ दातांत आहे. पहिल्या कायमच्या दाढेत खनिज साठायला जन्माच्या सुमारास सुरुवात होते. वरच्या मधल्या दातांत आणि खालच्या पुढच्या चारही दातांत तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. वरच्या बाजूच्या दातांत मात्र दहाव्या ते बाराव्या महिन्यात. तेव्हा जे काही घडलं ते मधले दात सुरू झाल्यानंतर थोड्या काळाने आणि बाजूचे सुरू होण्याआधी घडलं. म्हणजे मुलगी साधारण आठ-नऊ महिन्यांची असताना. त्या वयात काही मोठं आजारपण झालं होतं का, असं विचारलं की बहुतेकदा आईला आठवतं: अनेक दिवस न उतरलेला ताप, जीवावर बेतलेले जुलाब, दवाखान्यात काढलेले दिवस. आजार कोणता होता हे मात्र दात सांगत नाही. ताप असो, जुलाब असोत की कुपोषण, खूण बरीचशी सारखीच पडते. शिवाय वयाच्या तक्त्यांत मुलामुलांत काही महिन्यांचा फरक असतो, म्हणून नेमका महिना छातीठोकपणे सांगू नये.

खुणेच्या रूपावरूनही काही कळतं. खड्डे आणि खाच असेल तर थर घालतानाच खंड पडला, इनॅमल कमी पडलं. जाडी आणि आकार ठीक, पण खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी ठिपके असतील तर बिघाड बहुधा पक्वतेच्या टप्प्यातला. चंद्रपूर, यवतमाळकडच्या काही गावांत विंधन विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या मुलांच्या दातांवर हेच दिसतं. ते पाणी महिनोन्‌महिने पोटात जात असल्यामुळे एकच आडवी रेघ उमटत नाही. बहुतेक दातांवर दोन्ही बाजूंना पसरट, ढगाळ पांढरेपणा येतो, तीव्रता जास्त असेल तर तपकिरी डाग. हे सगळं दात घडत असताना. वयाच्या आठव्या वर्षापर्यंत अक्कलदाढा सोडून बाकी दातांचे मुकुट जवळपास पूर्ण झालेले असतात, त्यानंतर त्याच पाण्याने पुढच्या दातांवर नवे डाग पडत नाहीत.

आणि एकाच दातावर खूण असेल तर? मग सगळ्या शरीराचा आजार शोधू नये. त्या जागी पूर्वी असलेला दुधाचा दात पडझडीत आत ठोसला गेला होता का, किंवा किडून त्याच्या मुळाशी पू झाला होता का, हे विचारावं. कायमच्या दाताची घंटा तिथेच, दुधाच्या दाताच्या मुळाशी असते. दुधाचे दात काय, पडायचेच आहेत, असं म्हणून किडलेली दाढ तशीच ठेवण्याचा हा एक परिणाम.

आपल्या मुलीच्या दातांतले खड्डे दंतवैद्य दाताच्या रंगाच्या मसाल्याने भरेल. ते भरलेले बरे, कारण खाचेत अन्न अडकून खरीच कीड लागते आणि तिथे इनॅमल आधीच पातळ असतं. सुळे अजून यायचे आहेत. ते चौथ्या-पाचव्या महिन्यात सुरू होतात, त्यामुळे त्यांच्या टोकाजवळ हीच खूण असायला हवी. उपदाढा दीड वर्षानंतर सुरू होतात, त्या स्वच्छ यायला हव्यात. अकराव्या-बाराव्या वर्षी वरचे सुळे टोकाला अगदी गुळगुळीत निघाले, किंवा उपदाढांवरही खाच दिसली, तर आठ-नऊ महिन्यांचा आपला हिशेब चुकला असं समजायचं आणि कारण पुन्हा शोधायचं.