हिरव्या कड्याच्या आत

समजा, कोल्हापुरात दोन चुलतबहिणी एकाच सोफ्यावर बसून आपापला मोबाइल बघताहेत. पुण्यात नोकरी करणारी त्यांची आतेबहीण इन्स्टाग्रामवर आहे आणि दोघीही तिला फॉलो करतात. तिने सकाळपासून चार स्टोऱ्या टाकल्या आहेत. थोरलीच्या मोबाइलवर आतेबहिणीच्या फोटोभोवती हिरवं कडं दिसतंय, धाकटीच्या मोबाइलवर मात्र नेहमीचं गुलाबी-केशरी. दोघी स्टोरी उघडतात. थोरलीला पडद्याच्या वरच्या कडेला चार बारीक पट्ट्या दिसतात, धाकटीला तीन. पहिल्या दोन स्टोऱ्या दोघींना सारख्याच दिसतात, एक पावसाची आणि एक डब्यातल्या थालीपिठाची. त्यानंतर थोरलीला टेबलावर काढून ठेवलेल्या ऑफिसच्या ओळखपत्राचा फोटो दिसतो, खाली लिहिलंय, ‘आज राजीनामा दिला. घरी अजून सांगितलेलं नाही.’ धाकटीला थालीपिठानंतर थेट संध्याकाळच्या आकाशाचा फोटो येतो.

धाकटीच्या मोबाइलवर ‘एक स्टोरी तुमच्यासाठी नाही’ अशी सूचना येत नाही. कुलूप नाही, रिकामी जागा नाही, पट्ट्यांत फट नाही. तिच्यापुरत्या तीनच स्टोऱ्या आहेत. बहिणीच्या शेजारी बसून तिच्या मोबाइलमध्ये डोकावली नसती, तर चौथी होती हे तिला कळायला मार्गच नव्हता. आणि आतेबहिणीने त्या दिवशी फक्त राजीनाम्याचीच स्टोरी टाकली असती, तर धाकटीला तिच्या फोटोभोवती कडंच दिसलं नसतं. आज हिने काही टाकलेलं नाही, असंच तिला वाटलं असतं.

‘क्लोज फ्रेंड्स’ या सोयीचं सगळं काम एवढंच आहे. न निवडलेल्याला काहीच कळू द्यायचं नाही आणि निवडलेल्याला तो निवडलेला आहे हे कळू द्यायचं. यातला दुसरा भाग बहुतेकांच्या लक्षात येत नाही, आणि मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो.

थोरलीला नेमकं काय कळतं ते बघू. यादीत नाव घातलं तेव्हा तिला कसलीही सूचना आली नव्हती. नाव काढलं तरी येणार नाही. कळतं ते पहिली स्टोरी येते तेव्हा, हिरव्या कड्यावरून. स्टोरी उघडल्यावर वरच्या भागात हिरव्या गोलात पांढरा तारा दिसतो. तोच तारा सांगतो, की ही स्टोरी सगळ्या फॉलोअरसाठी नाही, निवडक लोकांसाठी आहे आणि त्यांत तू आहेस. बाकी तीन साध्या स्टोऱ्यांवर तो तारा नसतो, त्यामुळे चारांपैकी कुठली गोष्ट बाहेर बोलायची नाही हे तिला न सांगता समजतं.

पण त्या यादीत आणखी कोण आहे, हे तिला दिसत नाही. किती जण आहेत, तेही दिसत नाही. यादी फक्त ती करणाऱ्याला दिसते. ‘मलाही त्यात घे’ अशी विनंती पाठवायची सोयही इन्स्टाग्रामने ठेवलेली नाही. यादीत तीन जण असोत की तीनशे, कडं तेवढंच हिरवं दिसतं. थोरली समजेल की हे फक्त आपल्याला आणि फार तर दोघा-तिघांना सांगितलंय. आतेबहिणीच्या यादीत कदाचित कॉलेजचा अख्खा ग्रुप असेल. गैरसमज होतात ते इथेच. कडं म्हणतं ‘निवडलेल्यांपैकी एक’ आणि बघणारा वाचतो ‘फक्त तू’.

इन्स्टाग्रामवर स्टोरी आली ऑगस्ट 2016 मध्ये आणि क्लोज फ्रेंड्सची यादी आली 30 नोव्हेंबर 2018 रोजी. मधल्या काळात, आणि त्याच्या आधीही, तरुण मुलं हेच काम दुसऱ्या वाटेने करत होती. एक खातं जगासाठी आणि दुसरं, कुलूपबंद, खास मित्रांसाठी. अशा खात्याला ‘फिन्स्टा’ म्हणायचे. त्यात एक फरक होता. फिन्स्टावर घेतलेल्या प्रत्येकाला त्या खात्याची फॉलोअर यादी उघडून आणखी कोण आत आहे हे बघता यायचं. कोणासमोर काय बोललं जातंय, हे सगळ्यांना ठाऊक असायचं. हिरव्या यादीने दुसरं खातं सांभाळायची कटकट संपवली, पण आत बसलेल्यांना एकमेकांपासून अदृश्य केलं. मला ही अदलाबदल सरळ फायद्याची वाटत नाही. थोरलीला राजीनाम्याबद्दल कोणाशी बोलावंसं वाटलं, तर समोरच्या बहिणीलाही ते माहीत आहे की नाही, हे विचारल्याशिवाय कळणार नाही, आणि विचारलं की गुपित फुटलंच.

यादी करायची ती प्रोफाइलच्या मेनूमधून. `Close Friends` उघडायचं, नावांपुढच्या गोलावर टिचकी मारायची आणि पूर्ण करायचं. अ‍ॅप स्वतःहून काही नावं सुचवतं. सुचवलेलं नाव नीट न बघता घेतलं, की मग जवळचा आणि नेहमी भेटणारा यांत गल्लत होते. रोज ज्यांचे मेसेज येतात ते सगळे जवळचे असतातच असं नाही. शिवाय खात्याला ही यादी एकच. कॉलेजच्या मित्रांसाठी वेगळी आणि घरच्यांसाठी वेगळी, अशी सोय तिच्यात नाही. म्हणून ज्याला मैत्रिणींना काही सांगायचंय आणि बहिणींना दुसरं काही, त्याला ती यादी पुन्हा पुन्हा बदलावी लागते, किंवा दोघांनाही चालेल तेवढंच टाकावं लागतं.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो स्टोरी पाठवताना. फोटो तयार झाला की खाली दोन बटणं शेजारी शेजारी येतात, `Your story` आणि हिरव्या ताऱ्याचं `Close Friends`. घाईत अंगठा पहिल्यावर पडला, की जे वीस जणांना सांगायचं ते चारशे जणांना जातं. झालेली चूक ओळखायच्या दोन खुणा आहेत. स्वतःची स्टोरी उघडून हिरवा तारा आहे का ते बघायचं, हे दहा सेकंदांचं काम आहे. दुसरी खूण म्हणजे बघणाऱ्यांची नावं. स्टोरी वर सरकवली की ती कोणी कोणी बघितली ती नावं येतात, आणि त्यांत यादीबाहेरचं एक जरी नाव दिसलं तरी काय झालंय ते कळतं. स्टोरी लगेच काढून टाकावी, पण ज्यांनी ती बघितली त्यांनी बघितलीच.

बघणाऱ्यांच्या यादीची गोष्टही एकतर्फी आहे. आतेबहिणीला थोरलीचं नाव दिसतं. थोरलीला दुसऱ्या कोणाचं दिसत नाही. स्टोरी 24 तासांनी उतरते, पण तिने ती स्वतःच्या संग्रहात ठेवली असेल तर बघणाऱ्यांची नावं तिला 48 तासांपर्यंत दिसू शकतात. म्हणजे यादीत असूनही ज्यांनी बघितलीच नाही, तेही तिला कळतं. स्क्रीनशॉट कोणी घेतला, हे मात्र कळत नाही. कुंपण आहे ते अ‍ॅपच्या आत. थोरलीने पडदा टिपला आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, तर हिरवा तारा त्या चित्रातही दिसेल, पण तो कोणाला थांबवणार नाही. आणि नेमकं कोणी टाकलं हे आतेबहिणीला बघणाऱ्या वीस नावांतून ओळखता येणार नाही.

स्टोरीत यादीतले लोक एकमेकांना दिसत नाहीत, याला एक अपवाद आहे. लाइक आणि साधं उत्तर फक्त टाकणाऱ्याकडे जातं. पण 2024 मध्ये स्टोरीवर कॉमेंट करायची सोय आली आणि ती कॉमेंट स्टोरी बघू शकणाऱ्या सगळ्यांना दिसते. त्याआधी, नोव्हेंबर 2023 मध्ये, हीच हिरवी यादी साध्या पोस्टला आणि रीलला लागू झाली. तिथे तर हे जास्त उघड आहे. पोस्टखालचे लाइक आणि कॉमेंट यादीतल्या इतरांना दिसतात. ज्याने हृदय दाबलं त्याने आपण आत आहोत हे बाकीच्या आतल्यांना कळवलं. अशा चार-पाच पोस्ट झाल्या की बोलक्या लोकांची नावं उघडी पडतात आणि गप्प राहणारे तेवढे झाकलेले राहतात. कोणी आत असल्याचं इतरांना कळू नये अशी गरज असेल, तर त्यासाठी पोस्टपेक्षा कॉमेंट बंद ठेवलेली स्टोरी बरी.

आपल्याकडे बहुतेकांची पहिली सवय व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसची, आणि तिथे `Only share with` निवडून ठरावीक लोकांनाच स्टेटस दाखवायची जुनी सोय आहे. ती वापरून बघितलेल्यांना हिरवं कडं समजायला वेळ लागतो, कारण त्या जुन्या सोयीत बघणाऱ्याला आपण निवडलेलो आहोत याची काहीच खूण मिळत नाही. त्याला ते स्टेटस सगळ्यांनाच गेलंय असं वाटतं, आणि तो दुसऱ्या दिवशी लग्नात सर्वांसमोर त्याबद्दल बोलून मोकळा होतो. इन्स्टाग्रामचा तारा निदान ‘जरा जपून’ एवढं तरी सांगतो.

मात्र हिरवं कडं दिसायचं बंद झालं, तर त्यावरून काही ठरवू नये. आधी आठवड्याला दोनदा दिसणारं कडं महिनाभर दिसलं नाही, की लोक ‘आपल्याला काढलं’ असं धरून चालतात. काढलं असेल. किंवा तिने या महिन्यात निवडक असं काही टाकलंच नसेल. किंवा आपणच कधीतरी तिच्या स्टोऱ्या म्यूट करून विसरून गेलो असू. बघणाऱ्याच्या मोबाइलवर या गोष्टी सारख्याच दिसतात आणि अ‍ॅप त्यातला फरक सांगत नाही. खात्रीचं उत्तर यादी करणाऱ्याकडेच असतं.

पुण्याच्या आतेबहिणीच्या बाबतीत एक नाव राहून गेलं होतं असं समजा. तीन वर्षांपूर्वी शेजारच्या टेबलावर बसणारा सहकारी तेव्हा तिच्या यादीत आला, आता तो तिच्या साहेबाचा उजवा हात आहे. राजीनाम्याची स्टोरी टाकायच्या आधी तिने `Close Friends` उघडलं, नावं वरपासून खालपर्यंत वाचली आणि त्याच्या नावापुढची खूण काढली. त्याला काही कळलं नाही. त्या संध्याकाळी त्याला तिच्या तीन स्टोऱ्या दिसल्या, धाकटीला दिसल्या त्याच.