निफ्टी पडला म्हणजे नक्की कोण पडलं?

१७ जानेवारी २०२४ रोजी निफ्टी ४६० अंकांनी, म्हणजे दोन टक्क्यांहून थोडा जास्त घसरला. आदल्या संध्याकाळी एचडीएफसी बँकेचे तिमाही निकाल आले होते. ठेवींची वाढ गुंतवणूकदारांना अपुरी वाटली आणि बँकेचा समभाग एका दिवसात सुमारे साडेआठ टक्के खाली आला. निफ्टीत कंपन्या ५० आहेत, पण त्या दिवशीच्या ४६० अंकांपैकी सुमारे २४० अंक या एका बँकेमुळे गेले. उरलेल्या ४९ कंपन्यांनी मिळून जेमतेम २२० अंक घालवले.

हिशेब सोपा आहे. निफ्टीत या बँकेचं वजन तेव्हा साधारण १३ टक्के होतं. १३ टक्क्यांचा साडेआठ टक्के म्हणजे १.१ टक्के, आणि निफ्टी आदल्या दिवशी २२,०३२ वर बंद झाला होता. हीच बँक इतर ४९ जणींइतकीच मोजली असती, तर तिचं वजन दोन टक्के झालं असतं आणि तिच्यामुळे निर्देशांक सुमारे ३७ अंकच उतरला असता.

एवढं वजन येतं कुठून? निफ्टीत प्रत्येक कंपनीला तिच्या बाजारमूल्याप्रमाणे जागा मिळते, पण त्यासाठी फक्त बाजारात खुले असलेले समभाग मोजले जातात. प्रवर्तकांच्या हातातले समभाग वगळले जातात. रिलायन्सचे जवळपास निम्मे समभाग प्रवर्तकांकडे आहेत. टीसीएसमध्ये टाटा सन्सचा वाटा ७० टक्क्यांच्या वर आहे. एचडीएफसी बँकेची प्रवर्तक कंपनी मात्र जुलै २०२३ मध्ये बँकेतच विलीन झाली, त्यामुळे बँकेला प्रवर्तकच उरला नाही. म्हणून एकूण बाजारमूल्यात रिलायन्स मोठी असूनही निफ्टीत बँकेचं वजन तिच्याहून जास्त होतं.

समान वजनाच्या निर्देशांकात कंपन्या त्याच ५० असतात, पण प्रत्येकीला दोन टक्के दिले जातात. भाव रोज हलतात, त्यामुळे हे वजन लगेच कमी-जास्त होऊ लागतं. म्हणून दर तिमाहीला ते पुन्हा दोन टक्क्यांवर आणलं जातं. त्यासाठी या निर्देशांकामागे जाणारा फंड वाढलेले समभाग थोडे विकतो आणि पडलेले विकत घेतो. बाजारमूल्याच्या निर्देशांकात हे करावं लागत नाही. समभाग वाढला की त्याचं वजन आपोआप वाढतं.

एवढ्या फरकाने किती अंतर पडतं, हे अमेरिकेत २०२३ साली दिसलं. लाभांश धरून एस अँड पी ५०० निर्देशांकाने सुमारे २६ टक्के परतावा दिला. त्याच ५०० कंपन्यांच्या समान वजनाच्या निर्देशांकाने दिला सुमारे १४ टक्के. अ‍ॅपल आणि मायक्रोसॉफ्ट या दोघींचंच वजन मूळ निर्देशांकात वर्षअखेरीस प्रत्येकी सात टक्क्यांच्या आसपास होतं, तर समान वजनात प्रत्येकीला ०.२ टक्के. एनव्हिडिया, अ‍ॅमेझॉन, मेटा अशा मोजक्या कंपन्यांच्या तेजीने एका निर्देशांकाला वर नेलं. दुसऱ्यात ती तेजी ५०० जणींत विरून गेली. आदल्या वर्षी, २०२२ मध्ये, उलट झालं होतं. याच बड्या कंपन्या आपटल्या, मूळ निर्देशांक सुमारे १८ टक्के घसरला आणि समान वजनाचा १२ टक्क्यांच्या आत राहिला.

यावरून समान वजन अधिक सुरक्षित, असं समजू नये. त्यात तुलनेने लहान कंपन्यांना मोठा वाटा मिळतो आणि त्यांचे भाव मंदीत बरेचदा जास्त कोसळतात. दर तिमाहीच्या खरेदी-विक्रीचा खर्च परताव्यातूनच जातो. सर्वांत मोठी अडचण अशी की सतत वाढणारी कंपनी सतत थोडी थोडी विकावी लागते. हेन्ड्रिक बेसेमबाइंडर या अमेरिकी प्राध्यापकांनी १९२६ ते २०१६ या काळातले अमेरिकी समभाग तपासले. सरकारी ट्रेझरी बिलांहून जास्त जी निव्वळ संपत्ती बाजाराने निर्माण केली, ती सगळी अवघ्या चार टक्के कंपन्यांच्या खात्यावर जमा होती. अशा कंपनीचा वाटा वेळोवेळी छाटणं महागात पडू शकतं.

म्हणून दोन्ही निर्देशांक शेजारी ठेवून वाचावेत. पहिला सांगतो, बाजारातल्या पैशाचं काय झालं. दुसरा सांगतो, सरासरी कंपनीचं काय झालं. दोघे बरोबर चालत असतील तर तेजी किंवा मंदी सर्वदूर आहे. मूळ निर्देशांक चढतोय आणि समान वजनाचा जागीच आहे, असं दिसलं तर तेजी मोजक्याच खांद्यांवर आहे. मग राष्ट्रीय शेअर बाजाराच्या संकेतस्थळावरचं निफ्टीचं मासिक माहितीपत्रक उघडून पहिल्या दहा कंपन्यांची वजनं बघावीत. निफ्टीच्या इंडेक्स फंडात दरमहा ५,००० रुपये टाकणाऱ्याचे त्यातले किती रुपये एकाच कंपनीत जातात, हे तिथेच कळतं. १३ टक्के वजन असेल, तर ६५० रुपये.