प्रश्नपेढी आणि परीक्षेआधीचा महिना

प्रश्नपेढी (धड्यांनुसार लावलेला सरावप्रश्नांचा साठा) म्हणजे अपेक्षित प्रश्नांची यादी, असा समज दहावीच्या वर्गात घट्ट असतो. त्यामुळे शेवटच्या महिन्यात विद्यार्थी ती पहिल्या पानापासून उत्तरांसह वाचत सुटतात आणि निम्मी उरली की धास्तावतात. म्हणूनच त्यांच्याशी बोलताना शिक्षक आधी हे स्पष्ट करतात की प्रश्नपेढी संपवायची नसते, तिच्यातून कच्चे दुवे शोधायचे असतात. सोडवलेले उत्तर वाचताना सगळे येते असे वाटते. दुसऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून पाहिलेला रस्ताही ओळखीचा वाटतो, पण एकट्याने निघाल्यावर वळण चुकते.

पुढे शिक्षक फळ्यावर एक उदाहरण घेतात: 7, 13, 19, 25… या अंकगणिती श्रेढीचे 19 वे पद काढा. वही मिटून सोडवताना अनेकांचे उत्तर 121 येते. बरोबर उत्तर 115 आहे, कारण पहिल्या पदापासून 19 व्या पदापर्यंत 6 ची वाढ 18 वेळाच होते. ‘चुकले’ एवढीच खूण येथे अपुरी पडते. चुकांच्या वहीत ‘n − 1 ऐवजी n घेतले’ असे कारण लिहावे लागते. तीन-चार दिवसांनी तसेच, पण आकडे बदललेले उदाहरण सोडवायचे; तेच उदाहरण घेतले तर उत्तरच आठवते. पुन्हा चूक झाली तर मात्र प्रश्नपेढी बाजूला ठेवून पाठ्यपुस्तकातील तो भाग वाचावा.

अखेरच्या आठवड्यात धड्यांचा क्रम मोडून, दोन तास लावून 40 गुणांची पूर्ण प्रश्नपत्रिका सोडवायची.